‘फक्त इंग्लिश सुधार’: एका मैत्रिणीच्या स्टेटमेंटचं प्रकरण

२४ नोव्हेंबरच्या रात्री व्हॉट्सॲपवर फाईल आली. नाव SOP_final_2.docx आणि खाली एक ओळ: ‘अगं, फक्त इंग्लिश सुधार, बाकी सगळं झालंय.’

पाठवणारी माझी हॉस्टेलची मैत्रीण. चार वर्षं एका खोलीत काढली आम्ही. सिव्हिल करून ती एका स्वयंसेवी संस्थेत लागली आणि गेली पाच वर्षं जत तालुक्यातल्या गावांचा पाण्याचा ताळेबंद मांडायचं काम करते आहे. आता तिला ब्रिटनमधल्या एका विद्यापीठात भूजलशास्त्रात एमएस्सी करायची होती. अर्जासोबत आपल्याला हेच का शिकायचंय हे सांगणारं स्टेटमेंट ऑफ पर्पज द्यायचं होतं: मुदत १५ जानेवारी, मर्यादा ८०० शब्द. मी सात वर्षांपूर्वी तिकडे शिकून आले, त्यामुळे ओळखीपाळखीत मला या विषयातली तज्ज्ञ समजतात आणि दर हिवाळ्यात चार-पाच स्टेटमेंटं माझ्याकडे येतात. हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे, कारण यात मी मध्यावर एक घोळ घातला होता आणि तो निस्तरताना बरंच कळलं.

स्टेटमेंट अर्थातच इंग्रजीत होतं. इथे त्यातली वाक्यं मराठीत सांगते. जिथे मूळ शब्दच महत्त्वाचे आहेत, तिथे ते तसेच देते.

पहिला मसुदा १,१४० शब्दांचा होता. सुरुवात ‘सिन्स माय चाइल्डहुड’. मग पृथ्वीचा ७१ टक्के पृष्ठभाग पाण्याने व्यापलेला आहे, पण पिण्याजोगं पाणी थोडं, हवामानबदल, वाढती लोकसंख्या. दुसऱ्या परिच्छेदात पदवीचे विषय, आणि तिसऱ्या सत्रातल्या गणिताच्या एटीकेटीचा चार ओळींचा खुलासा. तिसऱ्यात संस्थेची माहिती, जवळजवळ माहितीपत्रकातून उचललेली. त्याच्या शेवटी, जाता जाता म्हणावं तसं एक वाक्य: ३८ विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी घेण्यातही माझा सहभाग होता. मग विद्यापीठाची स्तुती, जागतिक दर्जाचे प्राध्यापक, अत्याधुनिक प्रयोगशाळा. शेवटी देशाची सेवा.

पहिल्यांदा वाचताना मी काहीच खुणा करत नाही. वाचते, फाईल मिटवते, चहा टाकते आणि चहा होईपर्यंत काय आठवतं ते कागदावर लिहिते. त्या रात्रीचा कागद माझ्याकडे अजून आहे. त्यावर दोनच गोष्टी आहेत: ‘३८ विहिरी’ आणि ‘एटीकेटी’. म्हणजे दीडेक पान वाचून एका अनोळखी वाचकाच्या डोक्यात एवढंच उरलं असतं, आणि त्यातली एक गोष्ट राहू नये अशी होती. तिकडे हे वाचणारा माणूस बहुधा त्याच विभागातला प्राध्यापक असतो. त्याच्यासमोर गुणपत्रक असतं, दोन शिफारसपत्रं असतात, बायोडेटा असतो. पाणी महत्त्वाचं आहे हे भूजल शिकवणाऱ्याला सांगावं लागत नाही. त्याला बघायचं असतं की या मुलीला नेमका कशात रस आहे, तिने आजवर काय केलंय आणि आमचाच अभ्यासक्रम तिला कशाला हवाय.

तेव्हा दुखणं इंग्रजीचं नव्हतं हे मला पहिल्याच रात्री दिसलं होतं. तरीही पुढे मी केलं ते नेमकं उलटं.

माझा घोळ

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी सकाळी बसले आणि तिचा पहिला परिच्छेद पुसून स्वतः लिहिला. हेतू चांगला होता: नुसतं ‘सुरुवात बदल’ म्हटलं तर तिला कळणार नाही, एक नमुना करून दाखवू. नमुना असा झाला: दुष्काळाच्या भेगाळलेल्या भूमीवर, आटत चाललेल्या विहिरीच्या काठी उभी असताना मला जमिनीखालच्या अदृश्य जगाची पहिली हाक ऐकू आली. इंग्रजीत ते याहून बरं वाटत होतं. निदान मला तरी.

तिचं उत्तर पाच मिनिटांत: ‘भारी! मला असं सुचलंच नसतं.’

हे वाक्य धोक्याचं असतं, पण तेव्हा मी खूश झाले.

१ डिसेंबरला दुसरा मसुदा आला. मला वाटलं होतं पहिला परिच्छेद माझा, बाकीचे तिचे आणि थोडे आटोपशीर. झालं होतं भलतंच. माझ्या परिच्छेदाशी मेळ बसावा म्हणून तिने उरलेलं सगळं त्याच सुरात बेतलं होतं. गावं ‘तहानलेली’ झाली होती, शेतकरी ‘आशाळभूत डोळ्यांनी’ आकाशाकडे पाहत होते आणि ती स्वतः ‘परिवर्तनाची वाहक’ वगैरे झाली होती. आणि ३८ विहिरी गायब! मी विचारलं तेव्हा म्हणाली, ‘अगं, तो आकडा त्यात फार रुक्ष वाटायला लागला म्हणून काढला.’

पहिल्या मसुद्यात तिची म्हणावी अशी एकच गोष्ट होती आणि माझ्या नमुन्याने तीच बाहेर ढकलली. चार ओळी मी लिहिल्या, पण बिघडलं अख्खं पान. आपण मित्राचं एखादं वाक्य बदलतो तेव्हा बदल त्या वाक्यापुरता राहत नाही, ही गोष्ट मला इतक्या उघडपणे आधी कधी दिसली नव्हती. लिहिणारा ते वाक्य मापदंड मानतो आणि बाकीचं त्याच्यावर बेतायला जातो. त्यातून सुधारणारी व्यक्ती ‘तिकडे शिकून आलेली’ असेल तर विचारायलाच नको.

त्या संध्याकाळी फोनवर मी तिला दुसरा मसुदा मोठ्याने वाचायला सांगितला. पहिल्याच ओळीला तिचा आवाज शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेसारखा झाला. ‘अदृश्य जगाची हाक’पाशी ती अडखळली, पुन्हा वाचायला गेली आणि हसली. मग दोघी हसलो. मी म्हटलं, आपण पहिल्या मसुद्यावर परत जाऊ.

गूगल डॉक्सच्या व्हर्जन हिस्टरीतून जुना मसुदा परत आणला. शिवाय तिला सांगितलं की शेअर करताना मला Editor ठेवू नकोस, Commenter कर. त्या परवानगीत मला मजकुरात थेट हात घालता येत नाही. सूचना म्हणून शब्द सुचवता येतात, पण तेही करायचं नाही, फक्त बाजूला शेरे लिहायचे, असं मी स्वतःला घालून घेतलं. हात शिवशिवतात, म्हणून ही कुलपाची सोय.

दोन विहिरी

शेऱ्यांत तरी काय लिहायचं? ‘इथे अजून तपशील दे’ हा शेरा निरुपयोगी, कारण कोणता तपशील तेच तिला कळत नसतं. तिला तिच्या कामाची इतकी सवय झालेली असते की त्यात सांगण्यासारखं काही आहे असं वाटतच नाही. म्हणून मी ज्यांची उत्तरं मला खरोखर माहीत नव्हती असे तीन प्रश्न विचारले आणि म्हटलं, लिहू नकोस, व्हॉइस नोट पाठव, मराठीत. पहिला: ३८च का, ४० का नाहीत? दुसरा: पातळी मोजायची म्हणजे हाताने नेमकं काय करतेस? तिसरा: या कामात तुला कधी कोड्यात टाकलं का कशाने?

रात्री साडेदहाला सतरा मिनिटांची नोट आली. मी ती तीनदा ऐकली आणि जमेल तेवढी शब्दशः उतरवून काढली.

विहिरी मुळात चाळीसच निवडल्या होत्या. एक मालकाने बुजवली. दुसऱ्या विहिरीचा मालक म्हणाला, तुम्ही मोजणार, वर कळवणार आणि उद्या सरकार मला बोअर मारू देणार नाही. ‘खरं सांगायचं तर त्याचं काही चुकलं नव्हतं गं, मला उत्तरच आलं नाही.’ मोजायचं कसं, तर पोलादी टेपच्या खालच्या टोकाला खडू फासायचा, टेप पाण्यात बुडेल इतकी सोडायची, काठावर आकडा धरायचा, वर ओढायची आणि खडू कुठवर भिजलाय ते वाचायचं. काठावरच्या आकड्यातून भिजलेली लांबी वजा केली की पातळी. ‘पहिल्या महिन्यात मी वजा करायचं विसरले होते. सगळ्या नोंदी चुकीच्या. सरांनी काही म्हटलं नाही, नुसती वही परत दिली.’

आणि मग कोडं. एका वस्तीवर दोन विहिरी, मध्ये अंतर जेमतेम दीडशे फूट, खोलीही सारखी, सहा परस, म्हणजे साधारण सहा माणसांच्या उंचीएवढी. एक संक्रांतीला कोरडी पडते. दुसरीत मे महिन्यातही दोन परस पाणी. ‘मला वाटलं टेप बिघडली. पुन्हा मोजलं. दुसऱ्या दिवशी जाऊन परत मोजलं. टेप बरोबर होती.’ मालकाला विचारलं तर तो म्हणाला, पाणी काय सांगून येतं का, ताई. मग तिने संस्थेतल्या भूवैज्ञानिक सरांना नेऊन दाखवलं. त्यांनी दोन्ही विहिरींच्या भिंती बघायला लावल्या. पाणी टिकणाऱ्या विहिरीत मुरमाखाली भेगाळ, सांधे असलेला खडक लागत होता, तर कोरड्या पडणाऱ्या विहिरीत अखंड काळा पाषाण. दख्खनच्या बेसाल्टचं हेच आहे: लाव्हाचे थर एकावर एक बसलेले, पाणी साठतं ते झिजलेल्या भागात आणि फटींत, घट्ट खडकात जवळजवळ नाहीच. पण दीडशे फुटांत एवढा फरक का, हे सरांनाही ठामपणे सांगता येईना. मधून डाईक, म्हणजे खडकात उभी घुसलेली लाव्हाची भिंत, गेली असेल का? असेल. ‘शोध तू,’ म्हणाले. ‘मला शोधता येईना. त्यासाठीच तर जायचंय.’

‘त्यासाठीच तर जायचंय’ हे वाक्य १,१४० शब्दांत कुठेच नव्हतं!

नोट उतरवताना मी समासात आणखी एक यादी करत गेले: ही बोलते कशी. आधी आकडा, मग गोष्ट. वाक्यं तोकडी. चूक झाली असेल तर झाली म्हणते आणि पुढे जाते, त्यावर अश्रू नाहीत की धडे नाहीत. स्वतःला हसते. कुणाचा उद्धार केल्याचा दावा करत नाही. माणसं तिच्याशी वाद घालतात आणि पुष्कळदा त्यांचंच बरोबर निघतं. ‘आवाज’ म्हणून आपण जे मोघमपणे बोलतो ते माझ्यापुरतं या पाच-सहा सवयींत होतं, आणि त्या कागदावर आल्यामुळे पुढे प्रत्येक बदलाला विचारायला प्रश्न मिळाला: हा बदल यातल्या कोणत्या सवयीला मारतो का?

उतरवलेली नोट मी तिला पाठवली आणि लिहिलं, आता हेच इंग्रजीत लिही, शब्दकोश न बघता, जसं येईल तसं.

तिसरा मसुदा ७ डिसेंबरला आला. त्याची सुरुवात अशी होती: दोन विहिरी, अंतर ४५ मीटर, एक जानेवारीत कोरडी. आणि मग ही तीन वाक्यं: ‘आय थॉट माय टेप वॉज राँग. आय मेजर्ड अगेन. द टेप वॉज नॉट राँग.’

माझ्यातल्या संपादकाला लगेच खाज सुटली. ‘टेप’ दोनदा, ‘राँग’ दोनदा, तिन्ही वाक्यं तुटक. ‘हाउएव्हर’ घालून एक वाक्य सहज झालं असतं, शाळेत बाईंनी तेच केलं असतं. पण यादीत बघितलं: तोकडी वाक्यं, स्वतःला हसणं. आणि वाचणाऱ्यालाही त्या तीन वाक्यांत तिच्याबरोबर विहिरीत पुन्हा पुन्हा टेप सोडावी लागते. मी शेऱ्यात फक्त ‘इथे मी थांबून हसले’ एवढंच लिहिलं. पुढे सगळ्या फेऱ्यांत या तीन वाक्यांना कुणी हात लावला नाही. म्हणजे एकाने लावायचा प्रयत्न केला, ते येतंच.

चूक कुठली आणि लकब कुठली

याच टप्प्याला ‘इंग्लिश सुधार’ची वेळ आली. इथे मी शेऱ्यांचे तीन प्रकार ठरवले आणि तिला सांगून ठेवले. ‘चूक’ म्हणजे बदलच. ‘अडले’ म्हणजे व्याकरण ठीक आहे, पण मला दोनदा वाचावं लागलं, काय करायचं ते तू ठरव. ‘तुझं’ म्हणजे कुणी बदलायला सांगितलं तरी बदलू नकोस.

‘चूक’मध्ये आर्टिकलं, काळ यांच्याबरोबर दोन गोष्टी अशा होत्या ज्या आपल्याकडे कुणालाच चूक वाटत नाहीत. तिने लिहिलं होतं की मी कॉलेजातून ‘पास्ड आउट’ झाले. ब्रिटिश वाचकाला याचा अर्थ बेशुद्ध पडले असा लागतो. तसंच ‘मी सरांना माझा डाउट विचारला’. आपल्या वर्गात डाउट म्हणजे शंका, प्रश्न. तिकडे डाउट म्हणजे अविश्वास, म्हणजे सरांवरच संशय घेतल्यासारखं. ही वाक्यं ‘तुझा आवाज आहे’ म्हणून ठेवणं हा मूर्खपणा झाला असता. वाचणारा भलताच अर्थ काढणार असेल तर तिथे आवाज त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

‘मुरूम’चं उलट. तिने शब्द तसाच लिहिला होता आणि कंसात प्रश्नचिन्ह टाकलं होतं: ठेवू का? माझा शेरा ‘अडले’ असा होता, कारण तिकडच्या वाचकाला तो कळणार नाही. तिने त्यावर तोडगा स्वतः काढला: मुरूम, म्हणजे आमच्या विहिरी ज्यात खणतात तो मऊ, झिजलेला खडक. इंग्रजीत दहा-बारा शब्द गेले, पण ते मोलाचे होते. कारण हा शब्द ज्याला नाव म्हणून माहीत आहे तो माणूस विहिरीत डोकावलेला असतो. ‘परस’ मात्र तिनेच काढून मीटर केले. म्हणाली, तिथे मोजमाप सांगायचंय, गंमत नाही.

एटीकेटीचा खुलासा चार ओळींचा एक ओळ झाला. गुणपत्रकात ते दिसतंच. लपवायचं कारण नाही आणि समर्थनाचंही नाही.

ज्यावर मी हरले

आता एक गोष्ट, ज्यात माझं मत तिने मानलं नाही आणि बरं झालं. त्या सतरा मिनिटांत मध्येच ती बोलून गेली होती की तिच्या अप्पांनी तीन बोअर मारल्या, तिन्ही कोरड्या गेल्या आणि त्या कर्जाचे हप्ते ती नोकरीला लागल्यावर फिटले. माझे कान टवकारले. दोन फेऱ्या मी तिच्या मागे लागले होते की हे घाल, याहून जिवंत काय असणार, वाचणारा हलून जाईल.

तिसऱ्यांदा म्हटल्यावर ती थोडी कडक आवाजात म्हणाली, ‘अप्पांचं कर्ज मला विकायचं नाही. आणि मी त्यामुळे या विषयात आलेही नाही. मला नोकरी हवी होती, ती मिळाली, मग विहिरी आवडायला लागल्या.’

मी गप्प झाले. सूचना देणाऱ्याला दुःख दिसलं की तो ते वर आणायला बघतो, कारण त्याला परिणाम दिसत असतो. काय सांगायचं नाही हे ठरवणंसुद्धा लिहिणाऱ्याच्या आवाजातच येतं, हे मला तोवर सुचलं नव्हतं. शिवाय मागून जोडलेल्या प्रसंगांचं काय होतं याचा एक मजेदार पुरावा आहे. ब्रिटनमधल्या पदवी प्रवेशाचे अर्ज यूकॅस या संस्थेमार्फत जातात. २००७ साली या संस्थेने हजारो अर्जांमधली स्टेटमेंटं एकमेकांशी ताडून पाहिली, तेव्हा २३४ जणांनी एकच आठवण लिहिलेली सापडली: आठव्या वर्षी रसायनांशी खेळताना पायजम्याला भोक पडलं. कुठल्या तरी नमुना स्टेटमेंटातलं ते भोक २३४ पायजम्यांना पडलं होतं. अप्पांचं कर्ज खरं होतं, पण ‘त्यामुळे मी या क्षेत्राकडे वळले’ हे जोडलं असतं तर तेही त्याच जातीचं झालं असतं.

त्याऐवजी तिने ‘नोकरी हवी होती’ हेच लिहिलं. मला आधी भीती वाटली की हे फार सपाट आहे. पण ‘सिन्स माय चाइल्डहुड’च्या जागी ते आलं आणि पुढचं सगळं विश्वासार्ह झालं.

हेच विद्यापीठ का

हा परिच्छेद सगळ्यांचाच कच्चा असतो. त्याची एक साधी तपासणी आहे: विद्यापीठाचं नाव झाकायचं आणि तिथे दुसरं कुठलंही घालायचं. परिच्छेद तसाच चालत असेल तर त्यात काही नाही. तिचा चालला. मी काही सुचवलं नाही, फक्त विचारलं की अभ्यासक्रमाचं पान उघड आणि ज्या विषयाच्या तासाला तू आजारी असतानाही जाशील तो सांग.

तिने भूजलाच्या प्रारूपांचा विषय सांगितला. त्यात मॉडफ्लो शिकवतात. हा अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने १९८०च्या दशकात आणलेला आणि आजही जगभर वापरला जाणारा संगणकीय कार्यक्रम. पाणी जमिनीतून कसं सरकेल याचं गणित तो मांडतो. का, असं विचारल्यावर उत्तर आलं: ‘मी आजवर ताळेबंद एक्सेलमध्ये केलाय, गावाला एक डबा समजून. पाऊस इतका आला, उपसा इतका झाला. पण डबा असता तर माझ्या दोन विहिरींचं पाणी सारखं नसतं का?’ दोन दिवसांनी तिचाच पुढचा मेसेज: ‘वाचलं थोडं. मॉडफ्लोपण मुळात जमीन वाळूसारखी सलग सच्छिद्र धरून चालतो. मग आपल्या फटींच्या खडकाला कसा लावायचा?’

मी लिहिलं, हा प्रश्न जसाच्या तसा स्टेटमेंटात जाऊ दे.

ती बिचकली. आपल्याला येत नाही हे कशाला सांगायचं? आपल्याकडे अर्ज म्हणजे येणाऱ्या गोष्टींची जंत्री असा समज पक्का असतो. पण शिकवणाऱ्याला असा प्रश्न घेऊन येणारा विद्यार्थी आवडतो, आणि हा प्रश्न पाच वर्षं विहिरींवर काढल्याशिवाय सुचणारा नव्हता. शेवटी परिच्छेद त्यावरच उभा राहिला. प्रयोगशाळा आणि प्राध्यापकांची स्तुती आपोआप गळाली, कारण शब्द उरले नाहीत.

चार वाचक, चार दिशा

डिसेंबरच्या शेवटी एक वेगळीच अडचण आली. तिने मसुदा आणखी तिघांना पाठवला: भूवैज्ञानिक सर, पुण्याला आयटीत असलेले दाजी आणि एक कॉलेजमित्र. सरांनी खडकांच्या वर्णनात दोन अचूक दुरुस्त्या केल्या. मित्राने ‘मस्त’ लिहिलं. दाजींनी मात्र मन लावून काम केलं होतं. नेतृत्वगुण कुठे आहेत, टीम किती जणांची होती, ‘इम्पॅक्ट’ टक्क्यांत दे. आणि त्या टेपच्या तीन वाक्यांचं त्यांनी एक मोठं, गुळगुळीत वाक्य केलं होतं, ‘कठोर पडताळणीअंती’ वगैरे.

ती गोंधळली. दाजी घरातले, त्यांना नाही कसं म्हणायचं? मी सुचवलं की यापुढे कुणालाही ‘बघा ना कसं झालंय’ म्हणून पाठवू नकोस. तशा प्रश्नावर माणूस आपल्याला जमतं ते करतो, आणि दाजी वर्षातून दोनदा लोकांची मूल्यमापनं लिहितात. प्रत्येकाला एकच काम दे. सरांना: शास्त्र चुकलंय का? दाजींना: शुद्धलेखन, टंकनाच्या चुका आणि शब्दसंख्या. दाजींनी ते चोख केलं. एका ठिकाणी जत हे नाव रोमनमध्ये दोन स्पेलिंगांनी आलं होतं, ते आम्हा कुणालाच दिसलं नव्हतं. टीम किती जणांची हा त्यांचा प्रश्नही रास्त निघाला. ‘आम्ही मोजलं’ आणि ‘मी मोजलं’ यांत घोळ होता, तो तिने निस्तरला: १४ विहिरी ती स्वतः मोजायची, बाकी गावातल्या दोन मुली, ज्यांना तिने खडू फासायला आणि वजा करायला शिकवलं. म्हणजे नेतृत्व आलंच, शब्द न वापरता.

१० जानेवारीला शेवटचा मसुदा ७८६ शब्दांचा झाला. तिने तो फोनवर सलग वाचला. मी डोळे मिटून ऐकत होते, हातात पेन्सिल, आणि जिथे तिचा आवाज स्पर्धेचा होईल तिथे रेघ मारायची असं ठरवलं होतं. दोन रेघा पडल्या. एक ‘होलिस्टिक’ या शब्दावर, तो तिने त्याच क्षणी काढला. दुसरी ‘स्टबर्न’वर. हा शब्द माझा होता, एका शेऱ्यात मी त्या खडकाला हट्टी म्हटलं होतं आणि तो तिच्या वाक्यात जाऊन बसला होता. मी म्हटलं, काढ, तो माझा आहे. ती म्हणाली, ‘आता माझा आहे. मला तो खडक खरंच हट्टी वाटतो.’ आणखी दोनदा वाचायला लावलं. अडखळली नाही. राहिला.

एका जागी मात्र आमचं शेवटपर्यंत जमलं नाही. स्टेटमेंटचं शेवटचं वाक्य असं आहे: परत आल्यावर मी आधी त्या दोन विहिरी मोजेन. मला वाटत होतं, आणि आजही वाटतं, की इथे पुढच्या कामाचा आराखडा हवा होता: कुठल्या संस्थेत, काय करणार, दोन ओळी तरी. मी ‘अडले’ असा शेरा टाकला, कारण लिहिलं, पुन्हा एकदा आठवण केली. तिने तिन्ही वेळा शेऱ्याखाली ‘वाचलं’ एवढंच लिहून तो मिटवला आणि १३ तारखेला अर्ज भरून टाकला.